“सगळा डेटा चुकलाय” असा मेल डेटा एन्ट्रीवाल्याला पाठवू नका

माझं हार्डवेअरचं दुकान. जुन्या रजिस्टरांवरून स्टॉकची यादी टाइप करायला बाहेर दिली होती. फाइल आली, तिच्यात रकाने सरकलेले. माझ्या भावाचं म्हणणं, फोन करून झापू. मी म्हटलं, झापल्यावर “चेक करतो सर” एवढंच ऐकू येणार. त्यापेक्षा मेल लिहू आणि ओळ दाखवू.

आमचे रकाने ए ते जी असे सात: कोड, नाव, एचएसएन, जीएसटी, खरेदी, एमआरपी, शिल्लक. मेलमध्ये आधी ही जोडी टाकली, वर आलेली ओळ, खाली हवी तशी:

```
H114,स्क्रू, 1 इंच,7318,18,140,190,36
H114,"स्क्रू, 1 इंच",7318,18,140,190,36
```

नावातच स्वल्पविराम आहे. सीएसव्ही फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामानेच वेगळे होतात, म्हणून अशा नावाला अवतरणचिन्हं लागतात, नाहीतर नावाचे दोन तुकडे होतात आणि पुढचं सगळं एक घर उजवीकडे जातं. मग जीएसटी 7318 टक्के, खरेदी 18 रुपये, आणि एमआरपीच्या घरात आमचा खरेदीचा भाव 140! बरं, एवढा कर पाहून कुणीही थांबेल, म्हणून ही चूक सापडते तरी.

खरी भीती दुसऱ्या चुकीची. बिजागरीच्या ओळीत खरेदीचा भाव पुसट होता. ऑपरेटरने ते घर मोकळं न सोडता पुढचा आकडा तिथे भरला. एचएसएन 8302, जीएसटी 18, सगळं जागच्या जागी. पण एमआरपी 95 गेली खरेदीत, आणि शिल्लक 24 नग होते ते झाले एमआरपी 24 रुपये. सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही. काउंटरवरचा पोरगा 24 रुपयांत बिजागरी देऊन मोकळा.

व्हेंडरचं उत्तर ठरलेलं असतं: “रो काउंट मॅच होतोय.” होणारच की! ओळ आतल्या आत सरकली तर ओळींची संख्या कशी बदलेल? म्हणून मेलमध्ये तपासणीही लिहून दिली. फाइल एक्सेलमध्ये उघडा. एच रकान्यात काहीही दिसलं तर ती ओळ उजवीकडे सरकलीय. जी रकाना रिकामा असेल तर बहुधा डावीकडे. मात्र शिल्लक नसेल तिथे 0 लिहिला तरच ही युक्ती चालते. आणि न वाचता येणारं घर मोकळंच सोडायचं, पुढचा आकडा तिथे भरायचा नाही.

सापडलेल्या ओळींचे कोड आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडले. फक्त दुरुस्त ओळी नकोत, पूर्ण फाइल पुन्हा द्या, असंही लिहिलं. तुकडे आमच्या यादीत चिकटवायचं काम आमच्या गळ्यात कशाला? शेवटी, उरलेलं बिल ही तपासणी पास झाल्यावर देऊ.

“सर, नावातले स्वल्पविराम काढून टाकू का?” असं त्यांनी विचारलंय. नाही म्हणून कळवलं. गिऱ्हाईक माप बघूनच स्क्रू मागतं, आमची नावं जशी आहेत तशीच हवीत.