मापात राहायचं

आमच्या भाचीने टीशर्ट विकायला काढले तेव्हा घरात सगळ्यांना कामं वाटली गेली. चित्रं ती स्वतः काढणार, फोटो तिचा भाऊ काढणार. माझ्या वाट्याला वर्णन आलं. "मामा, तू लिहितोस ना? मग चार ओळी लिहून दे. छपाई कसली, धुतल्यावर टिकते का, कापड किती जाड आणि साइजचा तक्ता. एवढंच."

आमच्या घरात 'एवढंच' म्हणून आलेलं काम महिनाभर पुरतं, हे मला कळायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. एका बैठकीत लिहून टाकलं: 'रेशमी स्पर्शाचा, पिसासारखा हलका आणि तरीही दणकट, रंग कधीही न उडणारा, सर्वांना शोभणारा टीशर्ट.'

भाचीने पेन घेतलं. "कापड शंभर टक्के कॉटन आहे, रेशमी कुठून आलं?" खोडलं. "पिसासारखा आणि दणकट, नक्की कोणता?" दोन्ही खोडले. 'कधीही' खोडताना तर तिने दोन रेघा मारल्या. शेवटी माझ्या आख्ख्या वाक्यात 'टीशर्ट' हा एकच शब्द जिवंत राहिला.

तिचं म्हणणं असं की या धंद्यात माल आधी तयार नसतोच. छापणाऱ्याच्या गोदामात कोरे टीशर्ट पडलेले असतात. ऑर्डर आली की तेवढ्या एका नगावर चित्र छापायचं आणि तिथूनच पार्सल रवाना. विकणारीच्या हाताला तो टीशर्ट लागतही नाही. छपाईत खोट निघाली तर बदलून मिळतो. पण घट्ट झाला, सैल झाला म्हणून बहुतेक छापणारे परत घेत नाहीत, कारण दुसऱ्याच्या नावाने छापलेला नग त्यांनी ठेवायचा कुठे? दुकानात कापड चिमटीत धरून बघणं, अंगाला लावून आरशासमोर उभं राहणं, हे सगळं या चार ओळींनाच करावं लागतं. "म्हणून आधी तू एक मागव, घाल, धू आणि मग लिही," असा हुकूम सुटला.

काळ्या टीशर्टवर पांढऱ्या अक्षरात 'मापात राहायचं' एवढंच लिहिलेला नमुना ठरला. मजकूर तिने सुचवला. त्यात माझा काही संबंध नाही असं ती अजूनही म्हणते.

आता साइज. तक्त्यात पहिला रकाना छातीचा: एस १९, एम २०, एल २१, एक्सएल २२, डबल एक्सएल २३. मी टेप घेऊन स्वतःला मोजलं तर ४२ भरलो. लहान मुलांचा तक्ता उघडला की काय, म्हणून दोनदा बघितलं. मग खाली बारीक अक्षरांत खुलासा सापडला. टीशर्ट सपाट पसरून, काखेच्या शिवणीखाली इंचभर, या कडेपासून त्या कडेपर्यंतचं हे माप. म्हणजे निम्मीच छाती. मग काय, ४२ चे निम्मे २१. २१ म्हणजे एल. गणित चोख जमल्याच्या आनंदात मी ऑर्डर ठोकली. शिवाय एल! कित्येक वर्षं मी स्वतःला एलच समजत आलो होतो, त्याला आता पुरावाही मिळाला.

पार्सल फोडलं आणि आधी नाक चरकलं. आंबटसर, व्हिनेगरसारखा वास. उजेडात धरलं तर अक्षरांभोवती फिकट चकाकणारा एक चौकोन, जणू कुणी ओलं पुस्तक छातीवर ठेवून गेलं होतं. मी तक्रारीचा मजकूर मनात जुळवायला घेतला (तक्रारीत मात्र माझी विशेषणं कुणी खोडत नाही), तेवढ्यात भाचीने थांबवलं. ही छपाई डीटीजी, म्हणजे डायरेक्ट टू गारमेंट. कागदावर प्रिंटर शाई फवारतो तशीच इथे थेट कापडावर, पाण्यात कालवलेली रंगद्रव्याची शाई. गडद कापडावर ती शाई आत मुरून दिसेनाशी होऊ नये म्हणून आधी एक द्रावण मारतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात आणि शेवटी साधारण १६० अंशांच्या उष्णतेने सगळं पक्कं करतात. वास आणि चौकोन त्या द्रावणाचे. पहिल्या धुण्यात जातात, आणि खरंच गेले. पण वर्णनात ती ओळ नसती तर माझ्यासारख्या दहा जणांनी पार्सल उघडल्या उघडल्या बोंब मारली असती. माझी पहिली स्वीकृत ओळ ती: 'नव्या टीशर्टला किंचित वास आणि छपाईभोवती फिकट चौकोन असू शकतो, पहिल्या धुण्यात दोन्ही जातात.' यात शोभेचं विशेषण एकच, 'फिकट', आणि तेही मोठ्या मिनतवारीने ठेवू दिलं.

मग टीशर्ट घातला. घातला म्हणजे डोकं गेलं, हात गेले, आणि छातीपाशी वाटाघाटी सुरू झाल्या. श्वास घेतला की अक्षरं ताणायची, सोडला की पूर्ववत. 'मापात राहायचं' हे वाक्य माझ्या पोटावर आडवं पसरून सगळ्या घराला उपदेश करत होतं. बायको म्हणाली, "छान बसलाय. आता तू बसू नकोस."

"मामा, ४२ हे तुझं माप," भाचीने समजावलं. "तक्ता कपड्याचा आहे. तुझी छाती ४२ आणि कपडाही ४२, मग हवेने कुठून जायचं?" नेहमीच्या बेताच्या टीशर्टला अंगापेक्षा चारेक इंच मोकळीक लागते. म्हणजे ४६, निम्मे २३, म्हणजे... मी तक्त्यावरून बोट खाली सरकवत नेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलो. डबल एक्सएल. मी काहीतरी बोलणार होतो, पण बोलायला श्वास पुरला नाही.

त्यातही मापात अर्धा इंच इकडेतिकडे चालतो, असं तक्त्याखाली लिहिलेलं असतं. कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात आणि मग शिवतात, त्यात तेवढा फरक पडतोच. सपाट मापातला अर्धा इंच अंगाभोवती पूर्ण इंच होतो. म्हणून आम्ही आता अंग मोजायला सांगतच नाही. तुमचा आवडता, नीट बसणारा टीशर्ट पलंगावर पसरा, सुरकुत्या हाताने काढा पण ताणू नका, काखेखाली कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि तोच आकडा तक्त्यात शोधा. या रीतीत अंगाचा आणि अभिमानाचा संबंधच येत नाही.

कापडाबद्दल मी जास्तच सावध होतो. वर्णनात '१८० जीएसएम' असं होतं. जीएसएम म्हणजे ग्रॅम, हे मला कळलं. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. टीशर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १७४! सहा ग्रॅम कमी! मी विजयी मुद्रेने ओरडलो, "मापात पाप!"

भाचीने काटा बंद केला. जीएसएम म्हणजे टीशर्टचं वजन नव्हे, एक चौरस मीटर कापडाचं वजन. माझ्या एलला पुढचं, मागचं आणि बाह्या धरून एक चौरस मीटरला किंचित कमी कापड लागलेलं, म्हणून आकडा जवळपास आला, एवढाच योगायोग. त्याच कापडाचा एस काट्यावर हलका भरेल, डबल एक्सएल जड भरेल, जीएसएम मात्र दोघांचा १८०च. खरं तपासायचं तर कापडाचा बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून तोलतात; तो १.८ ग्रॅम भरला पाहिजे. मी कात्री आणायला उठलो तर दोघींनी हात धरून बसवलं. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असंही नाही म्हणे. १४०चं कापड पातळ, पांढऱ्यात आतलं दाखवणारं, २४०चं जाड आणि उकडणारं, १८० मधलं. ही ओळ माझ्याविना पूर्ण झाली.

धुण्याचा प्रयोग मात्र सगळा माझा. पहिल्या खेपेला, चौकोन घालवायच्या जोशात, गरम पाणी घेतलं. लांबी २९ इंचांवरून २८ वर आली, साडेतीन टक्के गेली. विणताना आणि पुढच्या प्रक्रियांत होजिअरी कापड लांबीत ओढलं जातं. पाणी आणि उष्णता मिळाली की टाके सैलावून पुन्हा आपल्या जागी बसतात, म्हणून आटतं ते जास्त करून लांबीतच. आधीच छातीला तंग असलेला टीशर्ट आता पोटाशीही भांडू लागला.

पाचसहा धुण्यांनंतर पांढरी अक्षरं करडी दिसायला लागली. रंग उडाला म्हणून मी जवळजवळ आनंदलोच. माझा 'कधीही' खोडणारी बरोबर ठरली, तरी निदान काहीतरी बातमी होती. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघितलं तर शाई जिथल्या तिथे होती. त्या शाईतून काळ्या सुताचे बारीक तंतू वर आलेले, सिमेंटच्या भेगेतून गवत यावं तसे. ते घासण्याने उठतात. आमच्याकडे घासणं म्हणजे काय ते सांगतो: बायकोच्या मते ब्रश न लावलेला कपडा फक्त भिजलेला असतो, धुतलेला नसतो. टीशर्ट उलटा करून, गार पाण्यात, ब्रशशिवाय धुवायचा, हे तिला पटवायला मला छापील पुरावा दाखवावा लागला. तो पुरावा मीच वर्णनात लिहिला होता, हे तिला सांगितलं नाही.

दुसरा नमुना डीटीएफचा, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म छपाईचा होता. यात चित्र आधी फिल्मवर छापतात, मागे डिंकाची पूड वितळवून बसवतात आणि गरम दाबाने कापडावर चिकटवतात. रंग झळझळीत, पण हात फिरवला की पातळ पापुद्रा जाणवतो. त्याचं परीक्षण एका मिनिटात संपलं. मी कॉटनच्या खुणेवर, म्हणजे २०० अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री थेट चित्रावर ठेवली. उचलली तेव्हा चित्र इस्त्रीबरोबर आलं. 'छपाईवर इस्त्री फिरवू नका' ही ओळ त्यामुळे आमच्या वर्णनात ठळक अक्षरांत आहे.

'किती धुणी टिकतो?' याचं उत्तर मात्र आम्ही लिहिलेलं नाही. पन्नास लिहा, असं मी सुचवलं होतं. "मोजलीस का?" असं तिने विचारलं.

मोजतोय. तो एल आता माझ्या अंगात जात नाही, म्हणून बायकोने तो फरशी पुसायला घेतला. १८० जीएसएम कॉटन पाणी मस्त शोषतं. फडकं म्हणून त्याला ब्रश, गरम पाणी, पिळणं, सगळं माफ आहे. मी कॅलेंडरवर रोज एक रेघ मारतो आणि भाची दर रविवारी फोन करून आकडा विचारते. कालची एकेचाळिसावी. 'मापात' हा शब्द गेला. 'राहायचं' अजून आहे.