हॉट फ्लश, हार्मोन आणि २००२चा तो अभ्यास : एका प्रतिक्रियेला उत्तर

पाळी जाण्याच्या काळात एकाएकी अंगातून उसळणाऱ्या गरम वाफा म्हणजे हॉट फ्लश, आणि त्यांवरचे उपाय, याविषयी मी लिहिलेल्या लेखावर एका वाचक भगिनींची प्रतिक्रिया : «लेख एकतर्फी वाटला. हॉट फ्लश हा काही आजार नाही. दीर्घश्वसन, व्यायाम आणि आहार सांभाळला तर तो आपोआप जातो, माझा स्वतःचा अनुभव आहे. हार्मोन घेतले की स्तनाचा कर्करोग होतो हे २००२ सालीच सिद्ध झाले असताना तुम्ही बायकांना सरळ गोळ्यांकडे ढकलत आहात. गर्भनिरोधनाबद्दल तर एक अक्षर नाही. कोणासाठी लिहिता, कोण जाणे!»

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रतिक्रियेबद्दल आभार मानण्याची रीत आहे, ती आधी पाळते. मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु आपल्या शेवटच्या वाक्यात जो खवचट सूर आहे तो मतभेदाचा नाही, हेतूवर संशय घेण्याचा आहे, आणि तो मला लागला हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लेखात हार्मोनांचा विषय सर्वांत शेवटी आला होता, तोही ते कोणी घेऊ नयेत हे सांगून. तेथपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतली असती, तर ‘सरळ’ आणि ‘ढकलणे’ हे शब्द लिहिताना आपला हात क्षणभर थबकला असता.

गर्भनिरोधनाचा मुद्दा मात्र रास्त आहे आणि त्याचे श्रेय आपल्याला देते. पाळी अनियमित झाली तरी अधूनमधून बीज सुटतच असते, आणि हॉट फ्लशसाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोनांची मात्रा गर्भधारणा रोखण्याइतकी नसते. त्यामुळे शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असल्यास पुढे एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत आली असल्यास दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मूळ लेखात तशी ओळ आता जोडली आहे.

आता त्या २००२च्या वाक्याकडे येते, कारण आपल्या एकूण प्रतिक्रियेचा डोलारा त्याच एका खांबावर उभा आहे.

आपण ज्याचा उल्लेख करता तो अमेरिकेतील ‘वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा अभ्यास. त्यात गर्भाशय असलेल्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्या जणींना संयुक्त हार्मोनची, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे प्रोजेस्टिन यांची, गोळी आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी दिली होती, आणि जुलै २००२मध्ये तो ठरलेल्या मुदतीआधी थांबवण्यात आला. येथवर आपले बरोबर आहे. परंतु त्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. म्हणजे त्यांतील बहुतेकींची पाळी जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. हा अभ्यास हॉट फ्लशवरच्या उपचाराचा नव्हताच. हार्मोनांमुळे उतारवयातील हृदयविकार टळतो का, हे त्यात तपासायचे होते. त्याचे उत्तर ‘टळत नाही’ असे आले आणि ते आजही मान्य आहे. हृदय सांभाळण्यासाठी म्हणून हार्मोन घ्यावेत, असे मी कोठेही लिहिलेले नाही.

कर्करोगाचे आकडे मुळातून पाहू. दहा हजार स्त्रियांकडे वर्षभर पाहिले, तर पोकळ गोळी घेणाऱ्यांत ३० जणींना आणि हार्मोन घेणाऱ्यांत ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला, म्हणजे आठ जास्त. वर्तमानपत्रांनी हीच गोष्ट ‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ अशी छापली. दोन्ही विधाने खरी आहेत, पण दुसऱ्याने जी धडकी भरते ती पहिल्याने भरत नाही. ते आठ मी शून्य मानत नाही. संयुक्त हार्मोन जितकी वर्षे घ्यावे तितका हा धोका वाढतो, हे लेखात होते आणि येथेही आहे. परंतु ‘घेतले की होतो’ हे त्या अभ्यासाने दाखवलेले नाही.

आणखी एक बाब आपल्या वाक्यातून सोयीस्करपणे निसटली. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते, आणि त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. पक्षाघाताचे प्रमाण मात्र वाढले, म्हणून तो भागही २००४मध्ये थांबवला गेला. तेव्हा ‘हार्मोन’ ही एकच वस्तू नाही. त्या संयुक्त गोळीत जे प्रोजेस्टिन होते ते आज बऱ्याच ठिकाणी पहिल्या पसंतीने दिले जात नाही. आणि इस्ट्रोजेन पोटातून न देता पॅच किंवा जेलने त्वचेतून दिले, तर ते प्रथम यकृतातून जात नाही, त्यामुळे गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा जो धोका वाढतो तो निरीक्षणात्मक अभ्यासांत पॅचने वाढलेला दिसत नाही. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे उलटण्याआधी, त्रास बेजार करणारा असेल आणि घेऊ नयेत असे कारण नसेल, तर हार्मोनांचा विचार करावा, असे आता म्हणतात ते या सगळ्या फेरतपासणीनंतर.

दीर्घश्वसन, व्यायाम आणि आहाराबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याला उतार पडला हे मी अविश्वासाने वाचले नाही. परंतु ज्या चाचण्यांत स्त्रियांना नकळत पोकळ गोळी दिली जाते, त्यांतही हॉट फ्लशची संख्या कधी कधी निम्म्यापर्यंत उतरते, आणि मुळात हा त्रास कमीजास्त होत राहणारा आहे. म्हणून कोणताही उपाय तुलना न करता ‘लागू पडला’ असे म्हणता येत नाही. तुलना करून पाहिलेल्या चाचण्यांत व्यायामाने आणि योगासनांनी हॉट फ्लश कमी झाल्याचे दिसत नाही. झोपेला आणि हाडांना त्यांचा उपयोग आहे, तो अवश्य घ्यावा. वजन जास्त असल्यास ते उतरवल्याने फरक पडतो. आणि विचार-वर्तन उपचाराने, म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर काही आठवडे केलेल्या कामाने, वाफा मोजून फार कमी होत नाहीत, पण त्यांचा जाच आणि झोपेची नासाडी निश्चित कमी होते. हे सर्व मूळ लेखात पहिल्या निम्म्या भागात होते, ताई.

आता आपण अनुभवाचा दाखला दिलाच आहे तर माझाही ऐका. मी सत्तेचाळिशीत असताना पाळी कधी सहा आठवड्यांनी, कधी दहा आठवड्यांनी येऊ लागली होती. पहाटे तीनच्या सुमारास छातीत ऊब पेटल्यासारखी होई, ती मान आणि चेहऱ्यावर चढे, हृदय धडधडे, कपडे ओले होत. आणि चार-पाच मिनिटांत तेच अंग थंडीने काकडू लागे. ते काकडणे आपल्या ‘आपोआप जाते’ या शब्दांत बसत नाही, म्हणून त्यामागचे कारण सांगते. मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला एरवी शरीराचे थोडेफार चढउतार चालतात. इस्ट्रोजेन हेलकावे खात उतरू लागले की शेजारच्या काही चेतापेशी अति उत्तेजित होतात आणि ही मोकळीक अरुंद होते. मग किंचितशी ऊब वाढली तरी केंद्र त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावते, घाम सोडते, आणि उष्णता गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकली गेली की हुडहुडी भरते.

डॉक्टरांनी पंचेचाळिशीनंतर लक्षणे स्पष्ट असताना हार्मोनची पातळी तपासायला लावली नाही, कारण या काळात ती आज एक तर पुढच्या आठवड्यात भलतीच येते. धडधड होती म्हणून थायरॉइड मात्र तपासले. माझ्या मनातही तेव्हा २००२ची भीती होती, आणि म्हणून मी आधी हार्मोनविरहित औषधच मागितले. व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ मिलिग्रॅमने सुरू करून ७५वर नेले. सुरुवातीस मळमळ झाली, ती ओसरली. रक्तदाब वाढू शकतो म्हणून तो तपासत राहिलो. दिवसाच्या वाफा निवळल्या, रात्रीच्या मात्र टिकून राहिल्या. या औषधाने अनेकींचा त्रास लक्षणीय कमी होतो आणि फरक पडणार असेल तर तो बहुधा काही आठवड्यांतच कळतो, त्यामुळे वाट पाहत वर्ष घालवावे लागत नाही. ते एकदम बंद करायचे नसते, मात्रा उतरवत नेऊन थांबवायचे असते.

त्यानंतर, स्तनतपासणी करून आणि रक्तदाब, मायग्रेन, गुठळ्या, कुटुंबातील कर्करोग यांविषयी बारकाईने विचारपूस झाल्यावर, ५० मायक्रोग्रॅमचा इस्ट्रोजेनचा पॅच आठवड्यातून दोनदा बदलण्यास सांगितला गेला. गर्भाशय असल्यामुळे नुसते इस्ट्रोजेन चालत नाही. त्याने आतील अस्तर वाढत राहते आणि तेथेच कर्करोगाचा धोका उद्भवतो. म्हणून दर चक्रात बारा दिवस झोपताना २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन. ते थांबल्यावर पाळीसारखा स्राव येतो, तो अपेक्षितच असतो. मधेच, अवेळी आणि महिनोन्‌महिने येणारा स्राव मात्र तपासून घ्यावा लागतो. पहिले काही आठवडे स्तन दुखत होते. तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली तेव्हा मी सलग झोपत होते. आता दरवर्षी मात्रा उतरवता येईल का हे आम्ही पाहतो. यात ‘ढकलणे’ कोठे बसते ते आपणच दाखवावे.

आपल्या आक्षेपाला खरोखर बळ मिळाले असते ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि त्याकडे आपण वळला नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, पक्षाघात वा हृदयविकार झाला असेल, यकृत बिघडलेले असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, तर हार्मोनविरहित औषध हीच सहसा खरी वाट असते. तेथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. हॉट फ्लशसाठी पॅरॉक्सेटिन ७.५ मिलिग्रॅम दिले जाते, परंतु स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन घेणारीला ते चालत नाही, कारण ज्या वितंचकामुळे टॅमॉक्सिफेन शरीरात कार्यक्षम होते त्यालाच ते अडवते. तिला व्हेन्लाफॅक्सिन देता येते. रात्रीच्या त्रासाला गॅबापेंटिनही वापरतात, मात्र सकाळी गुंगी राहते.

२०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट वर सांगितलेल्या त्या अति उत्तेजित चेतापेशींचा संदेश थेट अडवते, हार्मोनांना हात लावत नाही. ते ‘नैसर्गिक’ नाही म्हणून आपल्याला आवडणार नाही, आणि ते निरुपद्रवी आहे असे मीही म्हणत नाही : क्वचित यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी, मग पहिले तीन महिने दरमहा आणि पुढे सहाव्या व नवव्या महिन्यात यकृताची रक्ततपासणी सांगितली आहे. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे.