15,490 रुपयांचा मेसेज

सकाळपासून डोकं तापलंय. आत्याचा फोन आला, "अगं, माझा इन्कम टॅक्सचा रिफंड आला बघ, मेसेज आलाय, 15,490. फक्त बँक खातं बरोबर आहे का ते सांगायचंय, लिंकवर जाऊ ना?" मी किंचाळलेच. नंतर वाईट वाटलं, ती बिचारी घाबरली.

तुम्ही म्हणाल, इतकं कसं कळत नाही? कळणार कसं? आत्या खरंच रिफंडची वाट बघतेय! बँकेने तिच्या एफडीच्या व्याजावर 12,400 रुपये टीडीएस कापला, तिला टॅक्स बसत नाही, म्हणून तिने रिटर्न भरलं. हे फसवणारे लोक लाखोंना मेसेज पाठवतात, त्यातल्या वाट बघणाऱ्यांना तो खराच वाटतो. हाच 15,490 चा मेसेज 2023 मध्येही फिरत होता, केंद्र सरकारच्या पीआयबीने तेव्हाच तो खोटा म्हणून जाहीर केला होता. आकडासुद्धा बदलला नाही नालायकांनी.

मी तिला एकच विचारलं, "आत्या, कापले 12,400, मग 15,490 कुठून परत येतील?" गप्पच झाली. रिफंडला उशीर झाला तर आयकर खातं थोडं व्याज देतं, मान्य. पण ते महिन्याला अर्धा टक्का, त्याने तीन हजार वाढत नाहीत.

मग फोनवरच बसवलं तिला. मेसेजमधली लिंक नाही, ब्राउझरमध्ये स्वतः incometax.gov.in टाइप करायला लावलं. पॅन आणि पासवर्ड टाकून आत गेलो. e-File, मग Income Tax Returns, मग View Filed Returns. तिथे त्या वर्षाच्या रिटर्नचा सगळा प्रवास दिसतो. आत्याचं भरलेलं, ई-व्हेरिफाय झालेलं, प्रोसेसिंग मात्र बाकी. प्रोसेसिंगच झालं नाही तर रिफंड मंजूर कुणी केला?

आणि खातं? रिफंड जातो तो My Profile मधल्या My Bank Account मध्ये व्हॅलिडेट करून ठेवलेल्या खात्यात. आत्याचं तिथे हिरव्या खुणेसह होतं. मेसेजमधल्या खात्याचे शेवटचे आकडे तर तिचे नव्हतेच! ते मुद्दाम चुकीचे देतात, म्हणजे माणूस घाईघाईने "दुरुस्त" करायला जातो आणि कार्ड नंबर, ओटीपी देऊन बसतो.

हो, आयकर खात्याचे खरे मेसेजही येतात, आणि बँक खातं चुकलं तर रिफंड अडकतोही. पण तेव्हाही Refund Reissue ची विनंती लॉगिन करूनच करायची असते.

घरात पेन्शनवाले असतील तर आज त्यांच्याशेजारी बसून हे एकदा करून दाखवा. लिंकवर माहिती देऊन झाली असेल तर ओरडू नका (मी ओरडले, चुकलं माझं), आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा.

आत्या दुपारी परत म्हणाली, "पासवर्ड वहीत लिहून ठेवलाय, आता दर सोमवारी मीच बघेन."