नोकरीत अडकून राहायचं कसं?

नोकरी सोडावी की नाही, असा प्रश्न पडला की आधी उत्तर पक्कं करा आणि मगच सल्ला मागायला बाहेर पडा.

सल्ला नेहमी तुमच्याच ऑफिसात पंधरा वर्षं मुक्काम ठोकून असलेल्यांना विचारावा. "थांब, होईल" असं ते म्हणतील. त्यांचं काय झालं, हे विचारू नये. जे दोघे सोडून गेले, त्यांना तर चुकूनही फोन करू नये. परवा रात्री एका मित्राने मला पाऊण तास फोनवर धरून ठेवलं. तो ज्यांना विचारत सुटला होता, त्यातला मी सातवा. मी म्हटलं, "सोड." तर म्हणे, "तुला आमच्या क्षेत्रातलं कळत नाही." मग विचारलंस कशाला?

१९६० साली पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. लोकांनी आपले तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढं तो सांगणार. 'दोन-दोनने वाढतात' असं मनाशी धरून लोक ८, १०, १२ विचारत आणि होकार ऐकून खूश होत. नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. १, २, ३ विचारलं असतं तर अंदाज तिथंच कोसळला असता. माझ्या मित्राचे सहाही सल्लागार ८, १०, १२ होते.

बॉसचा 'वेल डन'चा मेल जपून ठेवा. बढतीच्या यादीचा मेल डिलीट करा.

आणि "सात वर्षं दिली आहेत" हे वाक्य रोज म्हणा. ती वर्षं राहिलात तरी गेली, सोडलंत तरी गेली, हे मनात येऊ देऊ नका. दोन महिन्यांत हातात पडणारा बोनस हा पुढचा पैसा आहे, त्यासाठी थांबणं हिशेबाचं आहे. पण हा हिशेब केलात तर बाकीचाही करावा लागेल, तेव्हा नकोच.

मुदत घालायची असेल तर तोंडी घाला. मित्राने चुकून वहीत लिहिली होती: '३१ मार्चपर्यंत बढतीचं पत्र नाही, तर एप्रिलमध्ये दुसरीकडे अर्ज.' पत्र आलं नाही. त्याने 'मार्च' खोडून वर 'सप्टेंबर' लिहिलं. सप्टेंबरला एकतिसावा दिवस नसतो, हेही त्याच्या लक्षात आलं नाही!

अरे, पहिल्या वर्षी बॉस नवा होता, दुसऱ्या वर्षी बजेट नव्हतं, तिसऱ्या वर्षी विभागांची फेररचना. काय झालं असतं म्हणजे तू 'माझंच चुकलं' म्हणाला असतास? त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही, म्हणून तुझी कारणं संपत नाहीत. आज हीच नोकरी, याच पगारात, नव्याने समोर आली तर घेशील का, एवढं विचारलं तर फोनवर गप्प बसलास. आता मला फोन करू नकोस. त्या सोडून गेलेल्या दोघांना कर, नंबर आहेत तुझ्याकडे.