२१ दिवसांत टीबी गेला म्हणे, आणि तोही एकाच श्वासात

«डावीकडे टीबीनं पोखरलेलं फुफ्फुस, उजवीकडे तेच फुफ्फुस २१ दिवस काढा घेतल्यावर. गोळ्या बंद केल्या तरी डाग गेला! एक्स-रे मशीन कधी खोटं बोलत नाही. फिल्मवर नाव, तारीख, वेळ सगळं आहे. फोटो तपासणाऱ्या अ‍ॅपवर टाकून पाहिला, एडिटिंग सापडलं नाही. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.»

हे इंदुरातल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवरून सुदामानगरच्या काकूंकडे गेलं आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आलं. खाली त्यांचा प्रश्न होता, ‘अगं, काकांच्या गोळ्या थांबवू का? तिसरा महिना चालू आहे, अन्न जात नाही त्यांना.’ छातीचे एक्स-रे काढणं हे माझं रोजचं काम. एरवी असले फॉरवर्ड मी न वाचता पुसते. पण इथे कुणाच्या तरी गोळ्या बंद व्हायच्या बेतात आहेत, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी ते अ‍ॅप, कारण लोकांना सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच पडते. ही अ‍ॅप्स बहुधा एक जुनी युक्ती वापरतात. जेपीईजी फोटो सेव्ह होताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील थोडा थोडा गाळला जातो. फोटोत नंतर काही चिकटवलं, तर तो तुकडा बाकी चित्राइतका गाळला गेलेला नसतो. अ‍ॅप फोटो पुन्हा एकदा दाबून बघतं आणि तो फरक उजळून दाखवतं. मूळ फाइल हातात असेल तर याचा थोडाफार उपयोग होतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला की ते बहुधा तो लहान करून नव्यानं दाबतं. असा फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह करून टाकला गेला की अस्सल भाग आणि चिकटवलेला भाग सारखेच झिजलेले असतात. अ‍ॅपला काही सापडलं नाही हे खरं असेलही, मी मान्य करते. सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उलट अस्सल एक्स-रे त्यात टाकला तरी हाडांच्या कडा आणि कोपऱ्यातली अक्षरं चमकून उठतात, आणि तेवढ्यावरून कुणी ‘खोटा, खोटा’ म्हणून ओरडतं. म्हणजे हे अ‍ॅप दोन्ही बाजूंनी निकामी.

मग कसं तपासायचं? या चित्राच्या बाबतीत ते फारच सोपं निघालं, कारण बनवणाऱ्याला एक्स-रे कसा काढतात हेच माहीत नव्हतं.

छातीचा एक्स-रे काढताना पेशंट प्लेटला छाती टेकवून उभा राहतो, एक्स-रेची नळी पाठीमागे साधारण सहा फुटांवर असते आणि आम्ही म्हणतो, ‘श्वास घ्या, रोखून धरा.’ तोच माणूस तीन आठवड्यांनी आला तर श्वास थोडा कमी-जास्त घेतो. पडदा, म्हणजे फुफ्फुसाखालचा स्नायू, जरा वर किंवा खाली दिसतो आणि बरगड्यांचा तिरकसपणा बदलतो. खांदा बोटभर फिरला तरी गळ्याजवळच्या हाडांची टोकं मणक्यापासून वेगळ्या अंतरावर जातात. हृदय तर धडधडतच असतं, त्याची कडा दोन फिल्ममध्ये सारखी येत नाही. दोन तारखांच्या फिल्म एकमेकींतून वजा करून नवा डाग शोधायचं तंत्र रेडिओलॉजीत आहे. त्यातसुद्धा आधी एक चित्र संगणकावर ताणून-वाकवून दुसऱ्यावर बसवावं लागतं, आणि तरीही बरगड्यांच्या कडांच्या सावल्या मागे राहतात.

आता या फॉरवर्डचे दोन अर्धे मी कापून वेगळे केले आणि GIMP या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवले. वरच्या लेयरचा Mode बदलून Difference केला. दोन्ही चित्रांत जे सारखं असतं ते यात काळं होतं आणि जे वेगळं असतं ते उजळ दिसतं. मणका मणक्यावर येईपर्यंत वरचं चित्र थोडं सरकवलं. आणि सगळं विझलं. बरगड्या, गळ्याची हाडं, हृदयाची कडा, पडद्याची कमान, सगळं काळंठिक्कर. ताणणं नाही, वाकवणं नाही. फक्त दोन गोष्टी उजळ राहिल्या. एक, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कडा विरलेला एक अंडाकृती ठिपका. दुसरी, कोपऱ्यातली तारीख.

याहून मजा म्हणजे R सुद्धा विझला. उजवी बाजू दाखवायला आम्ही शिशाचं एक अक्षर दर वेळी हातानं लावतो. कधी ते वर लागतं, कधी कडेला, आणि बहुतेक वेळा थोडं वाकडं. तीन आठवड्यांनी ते त्याच जागी, त्याच कोनात वाकडं लागायला टेक्निशियन नाही, शिक्का मारणारं यंत्रच हवं. (काही ठिकाणी हे अक्षर संगणकावरूनच टाकतात. तिथे ते सरळ आणि ठरल्या जागी येतं, म्हणून नुसत्या R वर निकाल देऊ नये. इथे तो वाकडा होता.)

मग उजवा अर्धा मोठा करून, डाग जिथे ‘गेला’ ती जागा पाहिली. एक्स-रे म्हणजे सावल्यांची बेरीज असते. डाग फुफ्फुसात, बरगडी त्याच्या पुढे किंवा मागे, पण कागदावर दोन्ही एकाच जागी पडतात आणि बरगडीची रेघ डागातूनही जाताना दिसते. डाग ब्रशनं पुसला की त्याबरोबर बरगडीही पुसली जाते, मग ती पुन्हा काढावी लागते. इथे तेच झालं होतं. एका बरगडीची खालची कडा त्या जागेपर्यंत स्वच्छ येत होती, मध्ये धूसर होत होती आणि पलीकडे एक केसभर खाली सुरू होत होती. शिवाय रक्तवाहिनीचा एक बारीक वाय-आकाराचा फाटा तिथे होता आणि अगदी तसाच्या तसा फाटा त्याच्याखालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेतही होता. रोग बरा होताना शेजारची रक्तवाहिनी उचलून वर चिकटवत नाही. डावीकडचं चित्र खऱ्या पेशंटचं असावं, उजवं त्याच्यावरूनच तयार केलं आहे.

नाव-तारखेच्या पुराव्यावर फार शाई घालवत नाही. फोटोवरची अक्षरं कुणीही फोनवर लिहू शकतं. इथे तारीख बदललेली आहे, वेळ मात्र दोन्हीकडे तीच, मिनिटासकट. महाशय ती बदलायला विसरले.

मशीन खोटं बोलत नाही, हे अर्धं खरं आहे. मशीन बोलतं ते डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे ते स्वतः साठवतं त्या मूळ फाइलमध्ये. तुमच्याकडे पोचतो तो त्या फाइलवरून छापलेल्या फिल्मचा, खिडकीसमोर धरून काढलेला फोटो. आणि त्या दोघांच्या मध्ये माणसं आहेत. शिवाय मूळ फाइलही काही देवाची वाणी नाही. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये संगणकानं खोट्या कर्करोगाच्या गाठी घातल्या आणि काही स्कॅनमधल्या खऱ्या गाठी काढून टाकल्या. तीन रेडिओलॉजिस्टना ते स्कॅन न सांगता दाखवले, तेव्हा घातलेल्या गाठींपैकी 99 टक्के त्यांनी खऱ्या धरल्या आणि गाठ काढलेल्यांपैकी 94 टक्के निरोगी ठरवले. यात छेडछाड आहे असं सांगून पुन्हा विचारलं, तरी आकडे 60 आणि 87 राहिले. हे मुरलेल्या डॉक्टरांचं, मोठ्या पडद्यावर बसून. त्यामुळे ‘मी नीट निरखून पाहिलं, खरा वाटतो’ याला काही अर्थ नाही. माझी वरची युक्तीसुद्धा फक्त आळशी बनावटीला पकडते. उजवीकडे दुसऱ्याच निरोगी माणसाचा एक्स-रे लावला असता, तर Difference मध्ये सगळंच उजळलं असतं आणि काहीच सिद्ध झालं नसतं. तेव्हा गळ्याच्या हाडांचा बाक, जुन्या फ्रॅक्चरची गाठ, बरगड्यांची ठेवण जुळवत बसावं लागतं, कारण ती तीन आठवड्यांत बदलत नाहीत.

राहिले ते २१ दिवस. एक्स-रेवरचं पांढरं भराभर जाऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. हृदयाच्या त्रासानं फुफ्फुसात भरलेलं पाणी औषधानं एक-दोन दिवसांत उतरतं आणि फिल्म खरोखर बदलते. नुसती उजेड-अंधाराची मांडणी बदलून काळी छापलेली फिल्मही ‘साफ’ दिसते, त्यात काही लबाडी नसली तरी. पण वरच्या भागात पोकळी पडलेला टीबी तसा जात नाही. चांगल्या औषधांवरही सावली महिनोन्‌महिने हळूहळू आक्रसते, आणि पुष्कळांच्या फुफ्फुसात वण जन्मभर राहतो. बरा झालेला टीबीचा पेशंट दहा वर्षांनी नोकरीच्या तपासणीला येतो तेव्हाही तो वण दिसतो. म्हणून ‘नंतर’चं फुफ्फुस इतकं कोरं असणं हाच संशयाचा पहिला मुद्दा. टीबी आटोक्यात आला की नाही हे डॉक्टर थुंकीच्या तपासणीवरून ठरवतात. एकट्या एक्स-रेवरून नाही, आणि त्याच्या फोटोवरून तर मुळीच नाही.

गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या काही आठवड्यांतच खोकला, ताप कमी होतो, वजन वाढायला लागतं. नेमका तोच काळ या फॉरवर्डनं हेरला आहे. बरं वाटायला लागलेल्या माणसाला गोळ्या नकोशा होतातच. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला की उरलेले जंतू पुन्हा वाढतात, काही वेळा त्याच गोळ्यांना दाद न देणारे होऊन. मग औषधं जास्त जड आणि त्रासही जास्त. अन्न जात नसेल तर त्यावर इलाज आहे. त्या गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून उलट्या होत असतील किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. गोळी बदलायची की थांबवायची ते तेच रक्त तपासून सांगतील.

आणि ज्यांनी हे चित्र बनवलं, किंवा ज्यांना ते खरंच वाटतं, त्यांच्याकडे मी एकच गोष्ट मागते. दोन्ही दिवसांच्या डायकॉम फाइली पाठवा, नाव झाकून. सेंटर मागितल्यावर सीडीवर किंवा लिंकवर देतं. त्यात StudyDate आणि StudyTime असतात, शिवाय StudyInstanceUID नावाचा एक लांबलचक आकडा असतो, जो प्रत्येक तपासणीला वेगळा पडतो. दोन दिवस असतील तर हे आकडे दोन हवेत. तेही बदलता येतात, पण मग ते सेंटरच्या नोंदीशी जुळत नाहीत, आणि एका फोनवर ते कळतं. ग्रुपवर हे मागून पाहिलं. ज्यांनी टाकलं होतं ते म्हणाले, ‘मलाही फॉरवर्डच आलंय.’