खोडलेल्या आकड्याचा मान राखा

दसरा जवळ आला आणि मोबाईलवर सेलची तोरणं लागली, की पहिली नजर आडवी रेघ मारलेल्या आकड्यावर टाकायची. खालचा ठळक आकडा काय, तो भरायचाच आहे. आपली कमाई वरच्यात असते. मी गेल्या वर्षी मिक्सर घेतला, तेव्हा वर ₹६,९९९ खोडलेले होते, खाली ₹२,४९९ आणि शेजारी ‘६४% सूट’. सोफ्यावरून न उठता साडेचार हजार रुपये मिळवले. नोकरीत एवढं कधी जमलं नाही.

आता एखादा खवचट विचारेल, ‘ते ६,९९९ आले कुठून?’ अशांच्या नादी लागू नका. तुळशीबागेत दुकानदार सहाशे म्हणाला की दोनशेपासून सुरुवात करणाऱ्या आमच्या काकूसुद्धा मोबाईलवरच्या आकड्यापुढे हात जोडतात. छापलेलं खोटं कसं असेल?

आणि ते खरंच खोटं नसतं, हीच तर गंमत. त्या आकड्यामागे बारीक अक्षरात एमआरपी असं लिहिलेलं असतं. एमआरपी म्हणजे या वस्तूची यापेक्षा जास्त किंमत घेता येणार नाही, अशी कमाल मर्यादा, सगळे कर धरून. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे ती पाकिटावर छापावीच लागते आणि ऑनलाइन विकतानाही दाखवावी लागते. पण ती किती असावी हे ठरवतो उत्पादक किंवा आयातदार. सरकारने भाव बांधून दिलेली काही औषधं वगैरे सोडली, तर मिक्सरवर ६,९९९ छापा नाहीतर १६,९९९, कुणी अडवत नाही. त्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला तर गुन्हा. कमी घेतले तर सणासुदीची मेहेरबानी.

थोडक्यात, ‘काल ही वस्तू या भावाने विकली जात होती’ असं तो खोडलेला आकडा कुठेही म्हणत नाही. ते आपणच आपल्या मनाने जोडतो. विक्रेत्याने फक्त रेघ मारली, बाकीचं काम आपलं. युरोपीय संघातल्या बिचाऱ्या ग्राहकांना हे सुख नाही. तिथे २०२२पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत आधीची किंमत म्हणून दाखवावी लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून आपल्या टक्केवाऱ्या एवढ्या टुमदार.

दुसरं पथ्य: किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या साइट्स चुकूनही उघडू नका. वस्तूची लिंक चिकटवली, की गेल्या काही महिन्यांतल्या भावाचा आलेख समोर येतो आणि सणाचा सगळा विचका होतो. माझा झाला. मिक्सर घरी येऊन चटणी वाटून झाल्यावर आमच्या भाच्याने तो आलेख माझ्यासमोर धरला. जुलै आणि ऑगस्टभर रेघ आडवी, ₹२,२९९वर, डबक्यातल्या पाण्यासारखी. सेलच्या बारा दिवस आधी ती एकदम ₹३,१९९वर चढली. सेलच्या पहाटे धाडकन ₹२,४९९वर उतरली. “मामा, ही टेकडी बघ,” तो म्हणाला. “आधी नऊशे चढवले, मग सातशे उतरवले. तुला वरून दोनशे जास्त पडले.” या पिढीला सणाचं काही वाटत नाही.

तुम्हाला फसायचंच असेल, तर आलेखात ही टेकडी शोधू नका. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी अचानक चढलेली उभी भिंत, वर थोडं पठार आणि सेलच्या दिवशी कडा, असा तिचा आकार असतो. शहाणा माणूस पठारावरून कड्याकडे बघत नाही, चढणीच्या आधीच्या सपाट रेघेशी तुलना करतो. पण शहाण्यांचं घर किती रिकामं असतं!

न्यायाने सांगायला हवं, की आलेखही काही ब्रह्मवाक्य नाही. कूपन आणि बँकेची सूट त्यात बहुधा नसते. एकाच पानावर चार विक्रेते असले तर कुणाचा भाव नोंदला गेला ते कळत नाही. आणि हुशार विक्रेता जुनं पान सोडून त्याच वस्तूचं नवं पान काढतो. मग आलेख तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेला, आगापीछा नसलेला. ज्या वस्तूला भूतकाळच नाही, तिची सूट डोळे मिटून मान्य करायची. मागच्या वर्षीच्या मॉडेलचे फोन कधीकधी खरोखर स्वस्त होतात, ही मात्र मोठी अडचण आहे, कारण त्यामुळे बाकीच्यांवर विश्वास बसतो.

मॉडेल नंबर तर मुळीच वाचू नका. नाव तेच, रंग तोच, शेपटीला एक अक्षर जास्त. मग उघडल्यावर कळतं, की दुकानातल्या मिक्सरला तीन भांडी होती, आपल्याला दोन आली. चटणीचं भांडं आलंय ना? मग झालं तर.

घड्याळावर मात्र श्रद्धा ठेवा. ‘ऑफर संपायला १४ मिनिटं’ असं दिसलं, की आधी पैसे भरा, विचार नंतर. पान पुन्हा उघडल्यावर १४ मिनिटं परत सुरू झाली, तर तो आपल्याला मिळालेला दुसरा जन्म समजा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला जी १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात अशी खोटी घाई पहिल्याच नंबरावर आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही आहे. पण १४ मिनिटांत फोन कुठे लावत बसणार?

शेवटी बँकेची सूट. ‘कार्डावर १०% तात्काळ सूट’ हे मोठ्या अक्षरात असतं, ‘किमान खरेदी ₹३,०००’ हे मुंगीच्या अक्षरात. माझा मिक्सर २,४९९चा, म्हणजे पाचशे एक रुपये कमी पडत होते. मी ₹५९९च्या चाळण्यांचा संच टाकला. एकूण ३,०९८, त्यावर ३१० सूट, भरले २,७८८. तीनशे दहा वाचवायला पाचशे नव्याण्णव खर्च केले, हे भाच्याने बोटावर मोजून दाखवलं. हा मुलगा वाणिज्य शाखेला आहे, त्याला काय कळणार चाळण्यांचं महत्त्व. आमच्या घरी आधीच चार होत्या.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तोच मिक्सर ₹२,१९९ला दिसत होता, असंही तो परवा म्हणाला. मी ऐकलं नाही. मिक्सरचं खोकं मी माळ्यावर नीट ठेवलंय, स्टिकरची बाजू पुढे करून. पाहुणे आले, की काढून दाखवतो. त्यावर ठसठशीत छापलंय, सगळे कर धरून, ₹६,९९९.