१९८० चा भाव आणि आजचं सोनं: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "१९८० चा औंसामागे ८५० डॉलरचा भाव महागाई धरून आज साधारण ३,५५० डॉलर होतो. सोनं तिथे आत्ता कुठे पोहोचलंय, मग ते महाग कसं? शिवाय आपण सोनं रुपयांत घेतो. डॉलरची गणितं इथल्या माणसाच्या काय कामाची?"

नमस्कार. सोनं महाग झालंय असं मी मूळ लेखात म्हटलं, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. तुमचा गुणाकार बरोबर आहे. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक ७७.८ होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ३२४.८. म्हणजे महागाई चौपटीहून थोडी जास्त झाली. माझा आक्षेप ८५० या आकड्यालाच आहे.

हा भाव २१ जानेवारी १९८० ला लंडनमध्ये लागला आणि दुसऱ्याच दिवशी शंभराहून अधिक डॉलरनी खाली आला. इराणमधले ओलीस, अफगाणिस्तानात शिरलेलं सोव्हिएत सैन्य आणि अमेरिकेतली दोन आकडी महागाई या सगळ्याची भीती त्या एका दिवसाच्या भावात साठली होती. पूर्ण १९८० ची सरासरी ६१० डॉलरच्या थोडी वर होती. ती सप्टेंबर २०२५ च्या पैशांत जेमतेम २,४०० डॉलर भरते. तेजीच्या शिखराशी तुलना केली की त्याखालचा प्रत्येक भाव स्वस्तच दिसणार. आणि त्या शिखरावर ज्यानं सोनं घेतलं, त्याला नुसते ८५० डॉलर परत दिसायला जानेवारी २००८ उजाडावा लागला. महागाई धरून मुद्दल वसूल व्हायला तर २०२५ उजाडलं.

म्हणून मी एक साधा भागाकार करतो: सोन्याचा डॉलरमधला भाव भागिले त्या महिन्याचा निर्देशांक. २००१ च्या एप्रिलमध्ये भाव २५६ च्या आसपास होता, तेव्हा उत्तर येतं १.४५. १९८० च्या त्या दिवशी १०.९. सप्टेंबर २०११ च्या शिखरावर ८.३. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४,००० डॉलर धरले तर १२.३. १९७५ पासूनची सरासरी चारच्या आसपास येते. मी १९७५ पासून मोजतो याला कारण आहे. १९३४ ते १९७१ सरकारी भाव ३५ डॉलरलाच बांधलेला होता आणि तेवढ्यात महागाई तिप्पट झाली. तिथून सुरुवात केली तर पाया खोटा पडतो, सोनं आहे त्याहून महाग दिसतं. तो अन्याय मला सोन्यावरही करायचा नाही.

रुपयाचा मुद्दा मात्र तुम्ही योग्य काढलात, मूळ लेखात मी तो घ्यायला हवा होता. आपल्याकडचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक सप्टेंबर २०२५ मध्ये १४७ च्या आसपास होता. तो २०१६ ला १०० धरून आहे, हे विसरून कुणी तो थेट जुन्या आकड्याला लावला तर सगळं गणित कोसळतं. २००१ च्या मालिकेत नेण्यासाठी त्याला २.८८ ने गुणायचं, तिथून १९८२ च्या मालिकेत नेण्यासाठी ४.६३ ने. येतात साधारण १,९६०, म्हणजे १९८२ पासून महागाई जवळजवळ वीसपट. तेव्हा दहा ग्रॅम सोनं साडेसोळाशे-सतराशे रुपयांना होतं, ते महागाईबरोबरच चाललं असतं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ३३ हजारांच्या आसपास असतं. होतं सव्वा लाखाच्या घरात. त्यातही १९८२ चा आपला भाव सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे आणि आयातबंदीमुळे जागतिक भावापेक्षा चढा होता, म्हणजे ही तुलना सोन्याच्या बाजूनं झुकलेली आहे. तरी पावणेचारपट.

घरातल्या जुन्या पावत्या काढून पडताळणार असाल तर एक सांभाळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा दहा ग्रॅम धरतो. दागिना २२ कॅरेटचा आणि वर्तमानपत्रातला भाव २४ चा असेल, तर तोही फरक काढा. घडणावळ तर वेगळीच.

आता या मापाची मर्यादा. ते महाग आहे हे सांगतं, कधी उतरेल ते सांगत नाही. २०११ मध्ये ८.३ वर असलेलं सोनं २०१५ च्या डिसेंबरपर्यंत साडेचारवर आलं, तिथे माप खरं ठरलं. पण मार्च २०२४ मध्ये तेच माप सातच्या आसपास होतं, तेव्हाही मी महाग म्हणालो आणि विकणाऱ्याचं नुकसान झालं. २०२२ मध्ये रशियाची परकीय गंगाजळी गोठवल्यावर देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं, दर वर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. ही खरेदी टिकली तर जुनी सरासरीच वर सरकेल, आणि चारपर्यंत भाव कधी परतणारही नाही. पण सरासरी चारऐवजी आठ धरली, तरी डॉलरमधला भाव २,६०० येतो. ४,००० नाही.